गाव जागेवर, पत्ता फरार

आमच्या घराण्याला तीन पिढ्यांत तीन गावं मिळाली, आणि तिन्ही एकाच जागी आहेत. हे मला वयाच्या छपन्नाव्या वर्षी कळलं, तेही माझ्या पुतणीमुळे. सई आठवीत आहे. शाळेत तिला उपक्रम दिला होता : ‘माझे मूळ गाव, जुन्या व नव्या नकाशात’. चाळीतल्या निम्म्या मुलांनी गूगलवरून चित्र काढून चिकटवलं आणि गुण घेऊन मोकळी झाली. आमची सई जरा वकिली वळणाची आहे. पुरावा मागते.

पुरावे आमच्याकडे तीन निघाले. पहिला सईच्या पणजोबांच्या नावाचा, १९३० नंतरच्या दशकातला, घडीवर फाटलेला कागद. त्यावर ‘मौजे खारेपाटण, तालुके देवगड, जिल्हे रत्नागिरी’. दुसरा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गिरणीतला. त्यावर ‘मु. पो. खारेपाटण, ता. कणकवली, जि. रत्नागिरी’. तिसरा माझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे सईच्या बापाचा. त्यावर ‘खारेपाटण, ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग’. तिघेही आयुष्यभर एकाच घरी गणपतीला जात आले. मी त्या घराच्या पडवीत झोपलोय. ती पडवी तालुका बदलताना किंवा जिल्हा ओलांडताना हललेली मला तरी आठवत नाही.

सईने कागद ओळीने मांडले आणि म्हणाली, “काका, यातलं खरं कुठलं?”

मी म्हटलं, “तिन्ही.”

“असं नसतं,” ती म्हणाली. आठवीत सगळ्यांना असंच वाटतं.

सातबाऱ्याच्या सरकारी संकेतस्थळावर शोधूया, असं ठरलं. तिथे आधी जिल्हा निवडायचा, मग तालुका, मग गाव. आबा खाटेवरून म्हणाले, “रत्नागिरी घाल.” सईने रत्नागिरी घातलं. तालुक्यांच्या यादीत देवगड नाही. कणकवलीही नाही. आबा म्हणाले, “नीट बघ गो.” तिने नीट बघितलं. मंडणगडपासून राजापूरपर्यंत सगळे हजर, आमचेच दोघे गैरहजर. मग सिंधुदुर्ग घातलं, तालुका देवगड घातला, कारण पणजोबांचा कागद सगळ्यात जुना आणि म्हणून सगळ्यात खरा, असा आबांचा कायदा. देवगडच्या गावांच्या यादीत ‘ख’ तपासला. खारेपाटण नाही. सईने आबांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी फक्त गॅसच्या पुस्तकावर नाव वेगळं निघाल्यावर काउंटरमागच्या माणसाची पाहिली आहे.

“आबा, तुमचं गाव आहे ना नक्की?”

आबांना राग आला की ते शुद्ध मालवणी बोलतात. “अगो, गाव खंय जातला? नदी थंयच, देऊळ थंयच, किल्लो थंयच. मगे गाव काय पाय लावून चलत गेला?”

कणकवली घातल्यावर गाव सापडलं, पण तोपर्यंत आबांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

मला या प्रकाराची आधीच सवय होती. एकदा एका कचेरीत आम्हाला ‘देवगडचं खारेपाटण आणि कणकवलीचं खारेपाटण ही दोन्ही एकच असल्याचा दाखला’ मागितला होता. कोणी द्यायचा, विचारलं. ‘संबंधित कार्यालयाने’. कुठलं संबंधित? त्यावर तिथल्या माणसाने कपाळाला हात लावला, पण स्वतःच्या नव्हे, माझ्या अर्जाच्या. असो.

रविवारी आम्ही दोघं दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात गेलो. १८८० सालचं जुनं गॅझेटियर पाहायचं होतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडी. जेम्स कॅम्बेल त्याचा संपादक. हे पुस्तक वाचताना कोकणी माणसाला जे वाटतं, ते स्वतःच्या लग्नाचा अल्बम शेजाऱ्याने काढलेला असावा तसं वाटतं : सगळं बरोबर, पण आपण असे दिसतो? त्यात खारेपाटण आहे. देवगड तालुक्यात आहे. आणि त्याचा पत्ता कसा दिलाय, तर विजयदुर्गच्या खाडीने पंचवीस मैल आत.

सई थबकली. “रस्त्याने किती, ते नाही लिहिलं?”

इथे मला पहिल्यांदा काहीतरी कळलं, आणि मी लगेच काकाचा आवाज काढून ते सांगून टाकलं. त्या काळी खारेपाटण हे बंदर होतं. समुद्रकाठी नव्हे, तरी बंदर. भरतीच्या पाण्यावर मचवे खाडीतून वर यायचे, माल उतरायचा, घाटावर बैलांनी जायचा. जे गाव पाण्याने जगाला जोडलेलं, त्याची कचेरीही पाण्याच्या बाजूला : देवगडला. मग संस्थानं विलीन झाली, सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यात आली, तालुक्यांची मांडणी बदलली आणि कणकवली तालुका झाला. तोवर मोटारी आल्या होत्या. मुंबई–गोवा रस्त्यावर खारेपाटण आणि त्याच रस्त्यावर पुढे कणकवली. गावाने पाठ फिरवली, समुद्राकडचं तोंड डोंगराकडे झालं. तालुका बदलला याचा अर्थ इतकाच, की आधी कज्ज्याला जाणारा माणूस मचव्यात बसायचा आणि नंतर एसटीत. गाव दोन्ही वेळा किनाऱ्यावर उभं राहून त्याला हात करत होतं.

सईने वहीत लिहिलं : ‘तालुका = वाहन’. मला वाटतं बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली असणार.

गॅझेटियरमधला नकाशा मात्र आम्हाला बाहेर न्यायचा होता. परवानगी घेऊन फोटो काढला आणि लालबागला येऊन चिवडा गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सवाल्याकडे छापायला दिला. तो म्हणाला, “ए-फोरवर बसवून देतो.” बसवला. सुंदर बसला. त्याने पाव किलो चिवडाही तिथेच बसवून दिला असता. आणि इथे आम्ही पहिली घोडचूक केली, जी दुसऱ्या दिवशी गिरगावात उघडकीला आली.

गिरगावात माझी आत्या राहते, खाडिलकर रोडच्या जवळ. तिच्या मजल्यावर एक निवृत्त सर्व्हेअर आहेत. आत्या त्यांना ‘साहेब’ म्हणते, बाकी चाळ ‘मोजणीवाले’. बहात्तर वर्षांचे, पण अजून कोणी खोलीत आलं की आधी त्याला आणि मग खोलीला नजरेने मोजतात. त्यांनी आमचा झेरॉक्स हातात घेतला आणि खालची इंग्रजी ओळ वाचली. इंचाला इतके मैल. मग म्हणाले, “हे खोटं आहे.”

“गॅझेटियर खोटं?” मी हादरलो.

“गॅझेटियर खरं होतं. तुम्ही लहान केलंत ना? मग इंच झाला लहान आणि मैल राहिले तेवढेच. अक्षरात लिहिलेलं प्रमाण झेरॉक्समध्ये मरतं. ही खाली पट्टी आहे ना, मैलांची, काळी-पांढरी? ती नकाशाबरोबर आक्रसते. तिच्यावर विश्वास ठेवा. लिहिलेल्यावर नाही.”

आमच्या घरी लिहिलेल्यावर विश्वास ठेवल्यानेच हे रामायण झालं होतं, त्यामुळे मला हे पटायला वेळ लागला नाही. त्यांनी सईला कागदाची एक चिंधी दिली, पट्टीवरच्या खुणा चिंधीवर उतरवायला लावल्या. “आता ही तुझी मोजपट्टी. फूटपट्टी दप्तरात घाल.”

मग त्यांनी विचारलं, “जुना आणि नवा नकाशा जुळवायचा तर सुरुवात कुठून करशील?”

सई म्हणाली, “जिल्ह्याच्या सीमेवरून.”

“अंहं. सीमा ही नकाशावरची सगळ्यात बेभरवशाची रेघ. ती मंत्रालयात बदलते. बदलत नाही असं काय ते शोध. नदीचं वळण. दोन ओढे मिळतात ती जागा. खाडीचं तोंड. डोंगराचा माथा. किल्ला. अशा तीन जागा दोन्ही नकाशांवर सापडल्या, की मग बाकीचं आपोआप जुळतं. दोन पुरत नाहीत. दोनच घेतल्या तर कागद उलटा ठेवलास तरी जुळल्यासारखं वाटतं. तिसरी साक्षीदार.”

सईने विजयदुर्ग घेतला, राजापूर घेतलं, आणि तिसरं देवगड. आत्याच्या स्वयंपाकघरातला बटर पेपर आला. एका नकाशावरच्या खुणा त्यावर उतरवल्या, दुसऱ्यावर ठेवल्या. अर्थात जुळेना, कारण आकार वेगळा. मग चिंधीने अंतरं मोजून गुणोत्तर काढणं वगैरे अर्धा तास चाललं. त्यात मी चहा प्यायलो, आत्याने माझ्या मधुमेहाची चौकशी केली, आणि खालून एक भाजीवाला तीनदा जाऊन आला. गणित हा वाचकांपासून लपवून ठेवायचा विषय आहे, मी इथे तेच करतो. निकाल सांगतो : जुन्या नकाशावर देवगड तालुक्यात बसलेला तो ठिपका नव्या नकाशावर कणकवली तालुक्यात, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, पण खाडीच्या त्याच वळणाच्या त्याच काठावर उतरला.

“आबांचं खरं होतं,” सई जरा ओशाळून म्हणाली.

“सगळ्यांचंच खरं होतं,” मोजणीवाले म्हणाले. “तीन वेगवेगळ्या तारखांना.”

यानंतर त्यांनी कपाटातून खरा माल काढला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या शीट्स, एकास पन्नास हजार प्रमाणाच्या. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पन्नास मीटर. एक शीट पंधरा मिनिटं रेखांश आणि पंधरा मिनिटं अक्षांश व्यापते, कागदावर साधारण अर्ध्या मीटरहून थोडी मोठी. आपल्या भागाचा क्रमांक ४७-एच, आणि त्याचे सोळा तुकडे. आता इथे एक गंमत आहे, जी चाळीत वाढलेल्याला लगेच कळते आणि फ्लॅटवाल्याला समजावून सांगावी लागते. तुकड्यांचे नंबर आडवे जात नाहीत, उभे जातात. एक, दोन, तीन, चार वरून खाली. मग शेजारच्या रांगेत वर जाऊन पाच, सहा, सात, आठ. म्हणजे सहा नंबरच्या डाव्या-उजव्या भिंतीला सात किंवा पाच नसून दोन आणि दहा असतात. पाच हा त्याच्या डोक्यावर, सात त्याच्या पायाखाली. आमच्या चाळीत नेमकं असंच आहे, आणि तिथे नवीन पोस्टमन टिकत नाही.

विजयदुर्ग सहा नंबरवर. त्याला लागून पूर्वेला दहा, तिथे खारेपाटण. सहाच्या खाली सात, तिथे देवगड. दहाच्या खाली अकरा, तिथे कणकवली. मोजणीवाल्यांनी चारही शीट आत्याच्या फरशीवर मांडल्या. आमचा सगळा कुलवृत्तांत चार कागदांत उतरला : पणजोबा पश्चिमेकडे जात आणि खाली वळत, आबा सरळ खाली उतरत. मी पहिल्यांदाच पणजोबांना चालताना पाहिलं.

आणि त्याच दहा नंबरच्या शीटवर, डाव्या कडेला, राजापूर. सरळ रेषेत आमच्या गावापासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. कणकवली त्याच्या दुप्पट लांब. सई म्हणाली, “मग आपण राजापूरमध्ये का नाही?”

“मधे काय आहे?”

“खाडी.”

“खाडीवर काय आहे?”

तिने भिंगाने पाहिलं. खाडीच्या पाण्यातून एक तुटक रेघ चालली होती. ठिपका, डॅश, ठिपका.

जुन्या काळी ही रेघ म्हणजे राजापूर तालुका आणि देवगड तालुका यांच्यामधली साधी तालुक्याची हद्द. अलीकडे मचवा बांधला तरी रत्नागिरी जिल्हा, पलीकडे बांधला तरी रत्नागिरी जिल्हा. १ मे १९८१ ला रत्नागिरीचे दोन जिल्हे झाले, आणि या भागात ते वेगळे करायला सरकारने नवी रेघ शोधत बसण्याऐवजी हीच जुनी रेघ उचलली. माझी सगळी नोकरी कारकुनीत गेली, त्यामुळे मला हा प्रकार ओळखीचा वाटला. रेघ तीच, जागा तीच, काम तेच, पण तालुक्याची होती ती जिल्ह्याची झाली. बढती मिळाली. पगार वाढला की नाही माहीत नाही, पण जाडी वाढली. नव्या नकाशावर ती बरीच जाड छापतात.

सिंधुदुर्ग हे नाव मालवणच्या समुद्रातल्या शिवाजी महाराजांच्या किल्ल्याचं. कचेरी मात्र ओरोसच्या माळावर. समुद्र पाहायचा तर जिल्ह्याच्या नावाकडे पाहायचं, सही हवी असेल तर समुद्राकडे पाठ करायची. त्याच दिवशी औरंगाबादेतून जालना निघाला, त्याच वर्षी कुलाब्याचा रायगड झाला. अंतुल्यांच्या कारकिर्दीत शाळेचा भूगोल पाठ करणारे आम्ही लोक एकदम खोटे पडलो. मी तेव्हा सातवीत होतो. वार्षिक परीक्षा जुन्या महाराष्ट्रावर दिली आणि जूनमध्ये नवा महाराष्ट्र आला. ज्या जिल्ह्याला मी सव्वीसात मोजलं होतं त्याचे दोन तुकडे झाले, पण मोजणीचे गुण कापलेलेच राहिले.

आणखी एक मजा. त्या वर्षीच्या जनगणनेचा क्षण १ मार्च १९८१ चा सूर्योदय. म्हणजे आमच्या घरची माणसं रत्नागिरी जिल्ह्यात मोजली गेली आणि बरोबर दोन महिन्यांनी, एकही माणूस न हलता, सिंधुदुर्गात सापडली. जगात माणसं सीमा ओलांडतात. आमच्याकडे सीमेने माणसं ओलांडली, तीही रात्रीतून, आणि सकाळी कोणाच्या चहाचं दूध नासलं नाही.

आबांना ही तारीख वेगळ्या कारणाने पाठ आहे. १ मे १९८१ ला जिल्हा गेला आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. “नव महिन्यात दोन्ही गेला,” असं ते म्हणतात, म्हणजे कोणीतरी एकच जण दोन्ही पाकिटं मारून गेला असावा. गिरणी काही परत उघडली नाही. तिथे आता काचेचं काहीतरी आहे, ज्याच्या जाहिरातीत लोअर परळचं नाव ‘अप्पर वरळी’ असं छापून आलेलं मी स्वतः पाहिलंय. तेव्हा आबांनी पेपर माझ्या हातातून घेतला, लांब धरला, जवळ धरला. “ह्येंचो पण जिल्हो बदललो?” मी म्हटलं, नाही, फक्त भाव बदलला. आबांनी परळमध्ये पासष्ट वर्षं काढली, त्यांना अजूनही वरळी खाली आणि परळ वर वाटतं. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ साली प्रभादेवी झालं, तेव्हाही त्यांनी एवढंच विचारलं होतं, “जिनो थंयच आसा मां?”

गिरगावातून परतताना सईच्या डोक्यात एक शंका होती. ती करी रोडच्या पुलावर विचारून मोकळी झाली. “काका, मग रत्नागिरीतून आपण गेलो हे सगळ्यांना कळलं का?”

सगळ्यांना कळलं. पोस्ट सोडून.

पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर स्वतः कोकणातले, संस्कृत पंडित. त्यामुळे त्यात काही यमक असणार हे ओघानेच आलं. लांज्याचा पिन ४१६७०१. राजापूरचा ४१६७०२. आणि खारेपाटणचा ४१६७०३. ओळीने तीन भावंडं. पुढे नऊ वर्षांनी खाडीवरच्या रेघेला बढती मिळाली आणि तिसरं भावंड पलीकडच्या जिल्ह्यात गेलं, पण पोस्टाने त्याचं नाव रेशनकार्डातून काढलं नाही. कारण पिन हा जिल्ह्याचा नंबर नसतोच. टपालाची थैली कुठल्या रस्त्याने जाते आणि कुठल्या पोस्टात सोडली जाते, त्याचा तो नंबर. थैलीला मुख्यालयाशी कर्तव्य नसतं. उलट कणकवलीचा पिन ४१६६०२, म्हणजे ज्या तालुक्यात आम्ही, त्याच्याशी आमचा आकडा जुळत नाही.

हे मी आबांना सांगितलं. त्यांनी रुसवा सोडला आणि खाटेवर उठून बसले. “बघ. पोस्टाक कळता.” मग थोड्या वेळाने, “मगे ह्या जिल्ह्याचा ठरवताना माका कोणी इचारला नाय ता कित्या?” वास्तविक कायद्यात तशी सोय आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे हद्दी बदलायच्या तर अधिसूचना आधी प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या असतात. पण हरकत मागवणारा कागद गावच्या चावडीवर लागतो आणि हरकत घेणारा माणूस लालबागला तिसऱ्या पाळीवर असतो. चाकरमान्याची ही जुनीच अडचण. गावात त्याचं मत नाही आणि मुंबईत त्याचं गाव नाही.

मोजणीवाल्यांनी सहा आणि दहा नंबरच्या शीट्स सईला आठवडाभर दिल्या होत्या. उपक्रम म्हणजे खरं तर तिथेच संपला होता. पण आबांनी चष्मा मागितला. आमची खोली दहा बाय बारा. खाट भिंतीला लावली, दोन शीट्स मागच्या भिंतीपाशी जमिनीवर जोडून पसरल्या, कोपऱ्यांवर दोन वाट्या, एक इस्त्री आणि एक अडकित्ता ठेवला. आबा खाली बसले. ऐंशी पार केलेला माणूस खाली बसतो तेव्हा घरातले सगळे श्वास धरतात.

“घर खंय?”

सईने भिंग धरलं. किल्ल्याची टेकडी, खाडीचं वळण, वस्तीचे बारीक काळे चौकोन. घर काही दिसेना. तिने पेन्सिलीने अंदाजे एक ठिपका दिला आणि हिशेब सांगितला : ठिपका अर्धा मिलिमीटर, म्हणजे त्याखाली पंचवीस मीटर जागा. आबांनी मनात मोजलं. “घर आयला. गोठो आयलो. फणस आयलो.” मग जरा थांबून, “इहीर ऱ्हवली भायर.” सईने ठिपका थोडा मोठा केला. विहीर आत आली.

“आता मचवो खंय बांधायचे ता दाखव.”

ते नकाशावर नव्हतं. मग आबांनी पेन्सिल स्वतः घेतली आणि खाडीच्या काठी एक बारीक आडवी रेघ मारली. हात थरथरला, म्हणजे जमिनीवर साधारण शंभर मीटर थरथरला. “हयसून. रात्री भरती वळली की सुटायचो. उजवाडाक विजयदुर्ग. थंयसून बोट.” १९५८ साली ते असेच आले, अठरा वर्षांचे, एक ट्रंक आणि एक फणस घेऊन. फणस भाऊच्या धक्क्यावर चोरीला गेला, ते दुःख ताजं आहे.

गॅझेटियरचे पंचवीस मैल खरे का, हे सईला तपासायचं होतं. सईच्या आजीच्या शिवणाच्या डब्यातलं पांढरं रीळ आलं. दोरा खाडीच्या प्रत्येक वळणावर बोटाने दाबत दाबत न्यायचा, मग उचलून सरळ करायचा आणि मोजायचा. सुका दोरा कागदावर सरकतो, म्हणून आजीने तो ओल्या बोटांतून ओढून दिला. वळण घाईने कापलं तर दोरा कमी भरतो आणि अंतर फसवतं, म्हणून सईने तीनदा मोजलं. पट्टीने सरळ मोजलं तर खारेपाटण ते विजयदुर्ग साठ-बासष्ट सेंटिमीटर, म्हणजे तीस-एकतीस किलोमीटर. दोऱ्याने मोजलं तर ऐंशीच्या आसपास, म्हणजे चाळीस किलोमीटर. पंचवीस मैल म्हणजे चाळीस किलोमीटर. १८८० चा साहेब आणि आमच्या आजीचं रीळ एकमेकांना मिळाले.

“आता मुंबय दाखव,” आबा म्हणाले.

“आबा, मुंबई या कागदावर नाही.”

“नाय कशी? हयच तर आसंव.”

सईने वही काढली. विजयदुर्ग ते भाऊचा धक्का सुमारे दोनशे सत्तर किलोमीटर, भागिले पन्नास हजार. पाच मीटर चाळीस सेंटिमीटर. आम्ही सगळ्यांनी खोलीकडे पाहिलं. खोली तेवढी नव्हती. विजयदुर्गवर आजीने अंगठा ठेवला, सईने रिळाचं टोक घेतलं आणि उत्तरेकडे, म्हणजे आमच्या दाराकडे, निघाली. दोरा खाटेच्या पायाला, मोरीच्या कठड्याला, माझ्या चपलेला चाटत उंबऱ्यापर्यंत पोचला तेव्हा जेमतेम तीन मीटर झाले होते. “जयगडच्या म्होरं गेली आता बोट,” आबा म्हणाले. सई गॅलरीत गेली. गॅलरी चार फूट. तरी दोरा उरलाच. तिने कठड्यावरून हात बाहेर काढला आणि उरलेला सव्वा मीटर दोरा खाली चौकात सोडला. भाऊचा धक्का दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या साडीसमोर, हवेत, डुलत राहिला.

खालून त्या घरच्या वहिनींचा आवाज आला, “कोण गो ते? दोरा कसला सोडलाय?”

आबा खोलीतूनच, विजयदुर्गाच्या बाजूने, ओरडले, “वैनी, जरा धरा! बोट लागता हा!”

वहिनींनी धरला.